फळ्यावरचा सह्याद्री

फोटोत फळा तिरका आला आहे. डावी कड उंच, उजवी बुटकी. म्हणजे डावीकडच्या बाकाशेजारी उभे राहून कोणीतरी घाईत काढलेला. वरच्या उजव्या कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडला आहे आणि त्याखाली दोन शब्द गडप झाले आहेत. मधोमध खडूने काढलेला अंडाकृती गोल, त्यात ‘सह्याद्री’. गोलातून पाच फांद्या निघतात: वर पाऊस, खाली खडक, उजवीकडे नद्या, खाली उजवीकडे माणसे आणि डावीकडे माती. फांद्यांना डहाळ्या आहेत, डहाळ्यांवर एकेक दोन-दोन शब्द. या सगळ्या पांढऱ्या पसाऱ्यातून तीन पिवळ्या रेघा आडव्या-तिडव्या गेल्या आहेत.

असे माइंड मॅपचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर संध्याकाळी येऊन पडतात. जो त्या तासाला वर्गात नव्हता त्याला ते कोळ्याचे जाळे वाटते, आणि त्याचे फारसे चुकत नाही. फळ्यावरचे चित्र वर्गासमोर एकेक रेघ करत वाढलेले असते. फोटोत ते सगळे एकदम समोर येते. आधी काय आले, मग काय आले हा क्रम फोटोत हरवतो, आणि अशा चित्राचा निम्मा अर्थ त्या क्रमातच असतो.

तो थोडाफार परत मिळवता येतो. शब्द जिथे मोठे आणि ऐसपैस आहेत ती फांदी पहिली. जिथे अक्षर बारीक होऊन कडेला खाली घसरू लागते ती शेवटची, कारण तोवर जागा संपलेली असते. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे फोटो मोठा करून पाहावे, वरून गेलेला खडू नंतरचा. आणि डस्टरचे डाग तर नीटच पाहावेत. कोरड्या डस्टरने पुसलेला शब्द पुरता जात नाही, त्याचे भूत मागे राहते. (या फोटोत उजवीकडे खाली एक ‘९०°’ दिसतो. तो सह्याद्रीचा कोन नाही, आधीच्या भूमितीच्या तासाचा उरलेला आहे.)

या फळ्यावरचा सर्वांत कामाचा डाग खडकाच्या फांदीवर आहे. ‘बेसॉल्ट’ या शब्दापुढे एक डहाळी होती, तिच्यावर ‘माती’ लिहिले होते आणि ते पुसले आहे. मग डावीकडे, पाऊस आणि खडक यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, माती स्वतंत्र फांदी होऊन आली आहे. म्हणजे आधी चारच फांद्या होत्या. पाचवी का लागली, हे कळले की सगळा फळा वाचता येतो.

माती खडकाची झीज होऊन तयार होते, तेव्हा ती खडकाची डहाळी असणे स्वाभाविक. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा. मग त्याची माती सगळीकडे सारखी हवी. पण फळ्यावर मातीच्या दोन डहाळ्या आहेत, ‘जांभा’ आणि ‘काळी’. मूळ खडक तोच, आणि माती मात्र एकीकडे तांबडी, दुसरीकडे काळी. हे एकट्या खडकाच्या फांदीवरून सांगता येत नाही. त्यासाठी पावसाच्या फांदीवर जावे लागते.

तिथे चार शब्द ओळीने आहेत: वारा, चढ, थंड, ढग. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून हवा पसरते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते ढग होऊन घाटमाथ्यावर कोसळते. पलीकडे उतरणारी हवा दबली जाऊन तापते आणि ढग विरतात. एकट्या सातारा जिल्ह्यात याची दोन टोके सापडतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर.

आता मातीकडे येणाऱ्या दोन पिवळ्या रेघा पाहा. एक पावसाकडून येते, एक खडकाकडून. मुसळधार पाऊस वर्षानुवर्षे पडत राहिला की बेसॉल्टमधले विरघळणारे क्षार आणि सिलिकाही धुऊन जाते. मागे उरते लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजते, म्हणून रंग तांबडा. तोच जांभा. जिथे पाऊस बेताचा आहे तिथे इतके धुऊन जात नाही, चिकण कणांची काळी माती तयार होते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि आत ओल धरून ठेवते. पाऊस गेल्यावर पेरलेली रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. काळ्या मातीच्या डहाळीच्या टोकाला ‘शाळू’ लिहिले आहे ते यासाठी.

झाडाच्या आकृतीत प्रत्येक डहाळीला एकच फांदी जन्म देते. मातीला इथे दोन पालक आहेत. झाडाच्या शिस्तीत ती बसली नाही म्हणून डस्टर फिरला, आणि मग पिवळा खडू हातात घ्यावा लागला. माइंड मॅपमध्ये काही शिकले गेले असेल तर ते बहुधा अशाच जागी, जिथे शब्दाला एक घर पुरत नाही.

माइंड मॅप हा शब्द रूढ केला टोनी बुझान यांनी, १९७४ मध्ये बीबीसीवरच्या कार्यक्रमातून. मध्यभागी विषय, बाहेर पसरणाऱ्या वळणदार फांद्या, एका फांदीवर एक शब्द, रंग वेगवेगळे. त्याच दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांचा गट दुसऱ्याच वळणाने चालला होता. त्यांच्या संकल्पनाचित्रात दोन शब्दांना जोडणाऱ्या प्रत्येक रेघेवर जोडणारे शब्द लिहायचे असतात, म्हणजे शब्द-रेघ-शब्द मिळून एक वाक्य होते. फळ्यावर प्रत्यक्षात या दोघांची भेसळ चालते आणि त्यात वाईट काही नाही. फांद्या बुझानच्या ठेवाव्यात, आडव्या रेघांना मात्र नोव्हाकची अट लावावी, असे माझे मत.

कारण मुकी रेघ काहीच सांगत नाही. ‘पाऊस’ आणि ‘माती’ यांच्यामध्ये नुसता बाण असेल तर तो काहीही म्हणू शकतो: पाऊस माती वाहून नेतो, पाऊस माती भिजवतो, पाऊस माती घडवतो. तिन्ही खरे, पण इथे तिसरे हवे आहे. या फोटोत पावसाच्या रेघेवर बारीक अक्षरात ‘धुतो’ लिहिले आहे आणि खडकाच्या रेघेवर ‘झिजतो’. त्या दोन क्रियापदांवर सगळी उभारणी आहे. परीक्षा सोपी: रेघ मोठ्याने वाचावी, मग उलटी वाचावी. ‘पाऊस खडक धुतो, त्यातून जांभा होतो.’ उलटे वाचले की निरर्थक होते, म्हणजे बाणाची दिशा ठरलेली आहे. दोन्हीकडून सारखीच बरी वाटणारी रेघ बहुधा विचार न करता ओढलेली असते.

अशा रेघा फार नसाव्यात. या फळ्यावर तीन आहेत आणि तेवढ्या पुरतात. उत्साहाच्या भरात वर्ग सगळ्याला सगळे जोडत सुटतो. तशी पंधरा रेघांची जत्रा झाली की कोणती महत्त्वाची ते दिसत नाही. दुसरी बिघडण्याची जागा म्हणजे पहिल्या फांद्यांची नावे. ‘माहिती’, ‘महत्त्व’, ‘फायदे’, ‘तोटे’, ‘इतर’ ही नावे सह्याद्रीला चालतात तशी साखर कारखान्यालाही चालतात, म्हणून त्यांच्यातून एकही आडवी रेघ निघत नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेतल्या ‘आकृती पूर्ण करा’ची ही सवय असावी. मध्ये एक चौकट, भोवती चार रिकाम्या, चारही सारख्या मापाच्या. भरल्या की गुण मिळतात. त्या चौकटींनी एकमेकींशी बोलायचे नसते.

फोटोपुरते म्हणाल तर दोन-तीन गोष्टी पुरतात. फळ्यासमोर मधोमध उभे राहावे, जवळ जाण्याऐवजी मागे सरावे आणि चारही कडा चौकटीत घ्याव्यात. कडेचे नंतर कापता येते, सुटलेला कोपरा परत आणता येत नाही. चकाकी दिसली तर फळ्यावरची एक ट्यूब बंद करावी. हिरव्या फळ्यावर पांढरा आणि पिवळा उठून दिसतात. निळा, लाल आणि हिरवा खडू वर्गात बरा वाटतो, पण फोटोत बुडतो. सगळ्यांत उपयोगाचे म्हणजे एकाऐवजी तीन फोटो काढणे: नुसत्या फांद्या झाल्यावर एक, डहाळ्या भरल्यावर एक, आडव्या रेघा ओढल्यावर एक. ते ओळीने पाहिले की वर्गात नसलेल्यालाही चित्र वाढताना दिसते, डस्टरच्या डागांवरून तर्क करत बसावे लागत नाही.

राहिली तिसरी पिवळी रेघ. नद्यांची फांदी उजवीकडे काढली आहे. भूगोल शिकवणाऱ्याच्या हाताला पूर्व उजवीकडेच सुचते. कृष्णा, भीमा, गोदावरी, तिघीही घाटमाथ्यावर उगम पावतात. अरबी समुद्र तिथून जवळ, तरी त्याच्याकडे पाठ फिरवून त्या बंगालच्या उपसागराकडे जातात. कृष्णा तर जवळजवळ १४०० किलोमीटर चालते. जिथे पाऊस पोचत नाही तिथे त्याचे पाणी या नद्या पोचवतात. म्हणून तिघींच्या नावापुढचे बाण उजवीकडे वळले आहेत. त्यांच्याखाली चौथे नाव ‘कोयना’. तीही कृष्णेला मिळते, पण तिच्यापासून निघालेली पिवळी रेघ सगळे बाण ओलांडून उलटी, डावीकडे जाते आणि ‘माणसे’ला वळसा घालून फळ्याच्या कडेशी थांबते.

रेघेवर क्रियापद आहे, ‘पाडले’. धरणात अडवलेले पाणी बोगद्यांतून पश्चिमेला नेऊन चारशे मीटरहून अधिक खाली सोडतात, त्यावर वीज होते आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीत जाते. पूर्वेला उतार मंद आहे, तिकडे एवढी उंची एकदम मिळत नाही. पश्चिमेला कडा आहे. वाऱ्याला वर ढकलून पाऊस पाडणारा कडा तोच. म्हणजे ही रेघ खरे तर पावसाच्या फांदीवरच्या ‘चढ’ या शब्दाला जाऊन मिळायला हवी. फोटोत ती तिथवर पोचलेली नाही. टोकाला एक प्रश्नचिन्ह आहे, आणि त्याच्या खालचा ठिपका द्यायचा राहून गेला आहे.