होडीचा गेम: विक्रीआधीची लायसन्सची साफसफाई

गेमप्लेचं काम सध्या बाजूला ठेवलंय. नदी, होडी, घाट, उतारूंची कोडी हे सगळं गोडो या गेम इंजिनमध्ये नीट चालतंय. आता स्टीमवर किंमत लावून ठेवायचा आहे, म्हणून `assets` फोल्डरमधली प्रत्येक फाइल कोणत्या अटींवर आली आहे ते तपासतोय. फुकट डाउनलोड झाली, एवढ्यावर काहीच ठरत नाही. फाइल गिऱ्हाइकाच्या मशीनवर पोचते तेव्हा तिच्यासोबत काय जायला हवं, हे बघायचं.

सुरुवात फाँटपासून. संवाद मराठीत असल्यामुळे विंडोजमधला मंगल वापरायचा मोह होतो, पण विंडोजसोबत आलेला फाँट आपल्या गेममध्ये भरून वाटता येत नाही. सिस्टिमवर असेल तर गेमने तो वापरावा, इतकीच मुभा. आणि स्टीम डेकवर तो नसतोच. म्हणून ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा बालू २ घेतला. त्याचं लायसन्स SIL Open Font License 1.1. त्यात गेम विकायला पूर्ण परवानगी आहे, फक्त फाँट एकटा विकायचा नाही, आणि कॉपीराइटची ओळ व लायसन्सचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत द्यायचा. ही माहिती फाँटच्या मेटाडेटात असली तरी चालते, पण वापरणाऱ्याला ती सहज दिसली पाहिजे. गोडोच्या `.pck` मध्ये बांधलेल्या फाँटचा मेटाडेटा कोण उघडून बघणार? म्हणून वेगळी फाइल ठेवली:

```
licenses/OFL-Baloo2.txt
licenses/CREDITS.txt
```

तुम्ही फाँटमध्ये नवं चिन्ह घालणार असाल किंवा नको ते ग्लिफ काढणार असाल, तर आधी `OFL.txt` च्या वरच्या ओळींत "Reserved Font Name" असं लिहिलंय का ते पाहा. लिहिलं असेल तर बदललेल्या फाँटला ते नाव देता येत नाही.

संगीतात खरा गुंता आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सपैकी NC, म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई, असलेलं सगळं आधीच काढून टाकलं, कारण गेम विकायचा आहे. ND, म्हणजे बदललेली कृती वाटायला मनाई, मात्र अनेकांना निरुपद्रवी वाटतं: "मी ट्रॅक कुठे बदलतोय, जसाच्या तसा तर लावतोय!" पण लायसन्सच्या ४.० आवृत्तीतल्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की संगीत हलत्या चित्रासोबत वेळ जुळवून लावलं की ती सुधारित कृती धरली जाते. म्हणजे ND ट्रॅक कटसीनमध्ये बसवून वाटता येत नाही. BY-SA मध्ये श्रेय द्यायचं आणि सुधारित कृती त्याच लायसन्सखाली द्यायची असते, त्यामुळे त्याला हाच नियम वेगळ्या प्रकारे लागतो. माझ्याकडे बासरीचा एक सुंदर BY-SA ट्रॅक होता. तो ट्रेलरखाली लावला असता तर अख्खा ट्रेलर BY-SA खाली द्यावा लागला असता. ट्रेलरचं एक वेळ चालेल, पण कटसीनमध्ये माझी स्वतःची चित्रं आहेत आणि ती मला मोकळी सोडायची नाहीत. ट्रॅक काढला, तिथे CC0, म्हणजे कसलीच अट नसलेला, तानपुरा लावला. बासरीची सर नाही, पण डोक्याला ताप नाही.

पात्रांसाठी ओपनगेमआर्ट या गेमच्या चित्रांच्या साइटवरचे, लिबरेटेड पिक्सेल कप या स्पर्धेतले स्प्राइट वापरलेत. २०१२ च्या त्या स्पर्धेतली चित्रं CC BY-SA 3.0 आणि GPL 3.0 अशा दुहेरी लायसन्सखाली आहेत. त्यातल्या बाईला मी नऊवारी नेसवली. ती सुधारित स्प्राइटशीट आता BY-SA आहे, आणि कोणी गेममधून काढून पुढे वाटली तर मला हरकत घेता येणार नाही. ते मला मान्य आहे.

अडचण DRM ची, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या तांत्रिक कुलपाची आहे. BY-SA लायसन्समध्ये एक कलम आहे: घेणाऱ्याचे हक्क अडतील असं तांत्रिक कुलूप लावायचं नाही. फक्त श्रेय मागणाऱ्या साध्या BY मध्येही ते आहे. स्टीमचा DRM रॅपर ऐच्छिक आहे, तो मी लावत नाही. पण आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरवरचं अ‍ॅप एन्क्रिप्ट होऊनच येतं, तिथे निवड आपल्या हातात नसते. ओपनगेमआर्टने याच कारणासाठी OGA-BY 3.0 काढलं: CC BY 3.0 च, पण हे कलम वगळून. म्हणून आयफोनच्या आवृत्तीसाठी CC0 किंवा OGA-BY असलेलीच चित्रं ठेवणार. बाकीच्यांच्या चित्रकारांकडे वेगळी लेखी परवानगी मागितली आहे. चित्र एकापेक्षा जास्त हातांचं असेल तर प्रत्येकाचा होकार लागतो, आणि लिबरेटेड पिक्सेल कपच्या चित्रांत तसं सर्रास असतं.

श्रेयनामावलीत आवृत्तीचा आकडाही लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्स ३.० मध्ये नाव द्यायचं राहिलं तर परवानगी आपोआप संपते, ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर ती परत मिळते. माझ्या `CREDITS.txt` मध्ये कृतीचं नाव, कर्ता, दुवा, लायसन्स आणि मी काय बदललं, एवढं आहे. शिवाय डाउनलोडच्या दिवशी त्या पानाची PDF काढून ठेवतो. कर्त्याने उद्या पानावरचं लायसन्स बदललं तरी आधी दिलेलं क्रिएटिव्ह कॉमन्स मागे घेता येत नाही, पण ते दिलं होतं हे दाखवायला माझ्याकडे कागद हवा.