आमची वाटचाल: पाच रुपयांचा भाव आणि चटईवरचा चिमटा

जळगावात गोलाणी मार्केटच्या वरच्या मजल्यावर दोन संगणक घेऊन मी आणि माझा मावसभाऊ बसलो, तेव्हा कॅटलॉगच्या फोटोंतून हँगर, दोरा, स्टँड, किमतीचं स्टिकर काढून देणं हा वेगळा धंदा होऊ शकतो, हे घरी कुणाला पटत नव्हतं. सुरुवातीची वर्षं ठीक गेली, त्यांत सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते 2018 सालच्या त्या अकरा दिवसांबद्दल. आमचं दुकान तेव्हा बंदच पडायच्या बेतात होतं.

एमआयडीसीतली एक चटईवाली पार्टी आली. ऑनलाइन विक्रीसाठी 2,400 फोटो होते. चटई दोरीला चिमट्यांनी टांगून काढलेले. चिमटा आणि दोरी काढायची, मागचा भाग पांढरा करायचा. नमुन्याला बारा फोटो पाठवले. बाराही फोटोंत चिमटा चटईच्या वर, पांढऱ्या पडद्यावर होता. फोटोशॉपमधला क्लोन स्टॅम्प घेऊन शेजारचा पांढरा भाग उचलला, दोन हात मारले की काम झालं. घड्याळ लावून बघितलं, फोटोमागे दोन मिनिटं.

हिशेब केला. चार मुलं, रोजचे खऱ्या कामाचे सात तास, म्हणजे 1,680 मिनिटं. पगार, भाडं, वीज, सॉफ्टवेअर, नेट मिळून महिन्याला साधारण 50,000 जायचे. पंचवीस दिवसांनी आणि मग रोजच्या मिनिटांनी भागलं की मिनिटाला 1 रुपया 20 पैसे पडतात. दोन मिनिटांचे 2.40, तपासणीचे साठ पैसे, म्हणजे तीन रुपये खर्च. मी पाच रुपये भाव सांगितला आणि चार दिवसांत काम देतो म्हणालो. पुढचे लॉटही त्याच भावाने करू, हेही बोलून बसलो.

सगळे फोटो उतरवून घेतले तेव्हा कळलं. हजारेक फोटो नमुन्यासारखे साधे होते. नऊशे फोटोंत चिमटा चटईच्या काठावर बसलेला, तिथे पाच मिनिटं लागत होती. आणि पाचशे फोटोंत चिमटा थेट विणीवर, लाल आणि हिरव्या पट्ट्या एकमेकींना छेदतात त्या जागी. हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. खोडलेली जागा आपोआप भरणारं कंटेंट-अवेअर फिल भिंतीवर, गवतावर चालतं, विणीवर ते पट्टी मध्येच तोडतं, नाहीतर दोन पट्ट्यांचा एक रंगीत ओघळ करून टाकतं. मग हाताने करावं लागतं: नवीन लेअर, क्लोन स्टॅम्प `Aligned` आणि `Current & Below` वर, शंभर टक्के झूम, आणि `Alt` दाबून नेमका तोच छेद उचलायचा, जो एक पूर्ण नक्षी सोडून पुढे आहे. एक पिक्सेल चुकला तरी ओळ सरकते. चटईचा फोटो तिरक्या कोनातून काढलेला असेल तर पट्ट्या लांब जाताना बारीक होतात, तिथे व्हॅनिशिंग पॉइंटमध्ये चौकट आखून मगच स्टॅम्प चालवायचा. एका फोटोला चौदा मिनिटं.

बेरीज केली तर 13,500 मिनिटं, म्हणजे आठ दिवस. माझं वचन चार दिवसांचं. मुलं रात्री थांबली, थकल्या डोळ्यांनी विणी सरकल्या आणि 3,000 मिनिटं दुरुस्तीतच गेली. काम अकराव्या दिवशी दिलं. आम्हाला खर्च आला 19,800, ठरलेले होते 12,000, आणि उशीर झाला म्हणून पार्टीने चौथाई कापून 9,000 हातावर ठेवले. त्या अकरा दिवसांत बाकीचं काम खोळंबलं, दोन जुनी गिऱ्हाइकं सुटली. पगार मी भिशी उचलून केले.

दुसऱ्या लॉटला त्याच पार्टीने मोठ्या शहरातल्या एका फर्मला चार रुपयांत काम दिलं, तेही दोन दिवसांत. ते फोटो मी नंतर डोळ्यांनी बघितले. एकच अ‍ॅक्शन लावून सगळ्यांवर फिल चालवलेलं, कुणी झूम करून बघितलंच नव्हतं. मोबाइलवर लहान दिसतं म्हणून खपलं. पण गिऱ्हाईक बोटांनी मोठं करून बघतंच, आणि तिथे वीण फाटलेली दिसते. पुढच्या हंगामात पार्टीने विणीवरचे फोटो तेवढे आमच्याकडे परत आणले. चौथाईचा विषय मात्र काढला नाही, आणि बाजारात आम्ही ‘सावकाश काम करणारे’ हे त्यांनीच पसरवलेलं नाव अजून पुसलं गेलेलं नाही. मला ते अजून लागतं.

त्या दिवसांत चोपड्याच्या ताई आल्या होत्या. ड्रेस मटेरियलचा त्यांचा छोटा व्यवसाय, पहिल्या वर्षापासून दर सोमवारी साठेक फोटो. माझं तोंड बघून त्यांनी एवढंच विचारलं, “भाऊ, बठा फोटू पाह्यात का?” सगळे बघितले नव्हते, तिथेच तर घोळ झाला होता. ताई स्वतः कॅमेरा तिपाईवर ठेवून, काही न हलवता, कपडा टांगण्याआधी रिकाम्या पडद्याचा एक फोटो काढून पाठवतात. तो खाली ठेवला की हँगर काढायला नुसता मास्क पुरतो, काही रंगवावं लागत नाही. म्हणून त्यांचं काम आजही सगळ्यात कमी भावात करतो आणि ते परवडतं.

तेव्हापासून नमुन्यावर भाव सांगणं बंद केलं. सगळे फोटो आल्यावर ब्रिज या फोटो चाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक बघून तारे द्यायचे: पडद्यावरची वस्तू एक तारा, काठाला टेकलेली दोन, नक्षीवर बसलेली तीन. 2,400 फोटोंना एका माणसाचा अर्धा दिवस लागतो. त्या वर्षी असा भाव धरला असता तर साध्याला 5, काठाच्या फोटोला 12 आणि विणीच्या फोटोला 30 रुपये, एकूण 30,800 झाले असते. पार्टी ओरडली असती. पण तीस रुपये ऐकल्यावर पार्टी स्वतःच विचारते की हे फोटो पुन्हा काढले तर? काढाच, असं मी सांगतो. चिमटा चार बोटं वर दोरीवर घ्या, चटई मागून दोऱ्याने बांधा, पाचशेतले चारशे फोटो एक ताऱ्यावर येतील.

वेळेचंही तसंच. एकूण मिनिटं भागिले रोजची मिनिटं, वर तपासणीचा एक दिवस आणि चौथाई वेळ राखीव. दिवस मोजायचे ते शेवटचा फोटो हातात आल्यापासून, फोन आल्यापासून नाही. सहा एमबीचे 2,400 फोटो म्हणजे चौदा जीबीच्या वर. दहा एमबीपीएसच्या लाइनवर ते चढवायला सगळं सुरळीत चाललं तरी तीन तासांच्या वर लागतात, आणि वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. घाईच्या कामाला दीडपट भाव घेतो, पण तीन ताऱ्यांचं काम घाईत घेतच नाही. नवीन मुलं वाढवून ते लवकर होत नाही, प्रत्येकाचा डोळा छेद वेगळ्या ठिकाणी पकडतो. आमची चूक असेल तर दुरुस्ती फुकट. फोटो गेल्यावर “हा टॅगही काढा ना” म्हणालात तर नवीन भाव.

हे काम करणाऱ्या नव्या पोरांना सांगतो: तपासताना आधी 25 टक्क्यांवर बघा, एकच ठिपका दोनदा दिसला तर स्टॅम्प उघडा पडलाय. मग शंभरवर वीण बघा. शेवटी सगळ्यात वर एक `Curves` लेअर टाकून तो खूप गडद करा. पांढऱ्यात राहिलेली चिमट्याची सावली, जी नुसत्या डोळ्याला दिसत नाही, ती लगेच डागासारखी वर येते. लेअर काढून मगच सेव्ह करा.

मावसभाऊ आता पुण्यात असतो. त्याची खुर्ची अजून तिथेच आहे. त्या खुर्चीवर बसून काल मी सोफा कव्हरच्या 1,350 फोटोंना तारे दिले. तीन ताऱ्यांचे 212 निघाले. भाव आणि तारीख आज संध्याकाळी कळवतोय.