बाबांचं वावर आणि बाबांची एफडी: वारसाच्या कागदांसाठी केलेल्या फेऱ्या

बाबा गेल्यावर महिनाभराने मी नागपूरहून सकाळच्या पहिल्या एसटीने गावी निघालो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात आहे. पिशवीत मृत्यू दाखल्याच्या सहा प्रती, सातबारा आणि बाबांचं मृत्युपत्र होतं. मृत्युपत्र म्हणजे दोन साधे कागद. 2019 साली बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले, खाली त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी केलेली नव्हती. त्यात दोनच गोष्टी होत्या: स्वतः विकत घेतलेलं चार एकर वावर ते कसणाऱ्या धाकट्या भावाला, आणि गावातलं घर मायला. बँकेतल्या पैशांबद्दल एक अक्षर नव्हतं.

पटवारी (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात अजून पटवारीच) साझ्यावर आठवड्यातून ठरावीक दिवशीच बसतात. आधी फोन करून गेलो म्हणून भेट झाली. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, प्रोबेट आनल्याशिवाय मले फेरफार घेता येत नाई. नाई त सक्सेशन आना."

हे दोन शब्द असे एकापाठोपाठ ऐकले की कुणालाही वाटतं, यातला एक कागद मिळाला की भागलं. त्याच दुपारी जिल्ह्याच्या गावी जाऊन वकील ताईंना भेटलो नसतो, तर शेतासाठी सक्सेशनचा अर्ज टाकून बसलो असतो. त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारलं, "मिळकत काय काय आहे, ते आधी सांगा. कागद त्यावरून ठरतो."

सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणी आणि रोखे यांच्यासाठी असतं: बँकेतली ठेव, शेअर, बाँड, कुणाकडून येणं असलेली रक्कम. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 मध्ये ते असंच बांधलेलं आहे. त्यावर शेत चढत नाही, घर चढत नाही. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे, यावर न्यायालयाने मारलेली मोहर. ते फक्त निष्पादकालाच मिळतं, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडायला त्यातच नेमलेल्या माणसाला. बाबांनी कुणालाच निष्पादक नेमलेलं नव्हतं. म्हणजे आम्हाला प्रोबेट मागताच आलं नसतं. त्याऐवजी मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र, म्हणजे मिळकतीची व्यवस्था पाहण्याचं न्यायालयाचं अधिकारपत्र, मागावं लागलं असतं. आणि मुळात गरजच नव्हती. हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती ही 2025 पर्यंत जुन्या बंगाल प्रांताची आणि मुंबई, मद्रास शहरांची गोष्ट होती. विदर्भात केलेल्या आणि विदर्भातल्याच जमिनीबद्दलच्या मृत्युपत्राला ती कधीच लागू नव्हती.

मृत्युपत्र नोंदवलेलं नसलं तरी चालतं. पण त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि वाद कोर्टात गेला तर त्यातला निदान एक, हयात असेल तर, साक्षीला उभा राहावा लागतो. आमचा एक साक्षीदार कोरोनात गेला होता. दुसरे शाळेतले निवृत्त सर, वय ऐंशीच्या पुढे.

दुसरी फेरी त्यांच्यासाठीच होती. सर ओसरीवर खाटेवर बसले होते. कागद हातात दिला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि सहीवरून बोट फिरवलं. "ही सही माहीच हाय. तुह्या बाबानं माह्यासमोर सही केली. तवा वऱ्हांड्यात पाऊस येत होता." हे सगळं आम्ही त्याच आठवड्यात प्रतिज्ञापत्रावर घेतलं. मृत्युपत्र घरात असेल तर साक्षीदार कुठे आहेत, कसे आहेत, हे आजच पाहून ठेवा. आम्ही आणखी वर्षभर थांबलो असतो आणि सर राहिले नसते, तर त्या दोन कागदांचं बळ पार कमी झालं असतं.

पटवाऱ्यांकडे यावेळी तोंडी बोललो नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे तीन महिन्यांच्या आत लेखी वर्दी दिली, मृत्युपत्राची प्रत आणि सरांचं प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि पोच घेतली. पोच घेणं सगळ्यात महत्त्वाचं. तोंडी "नाई" ला अपील नसतं. वर्दी नोंदवहीत आली की फेरफाराला नंबर पडतो, सगळ्या वारसांना नोटीस जाते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आमच्या अमरावतीच्या ताईला नोटीस गेली. तिने हरकत घेतली नाही, कारण मृत्युपत्र आम्ही तिला पहिल्या दिवशीच वाचून दाखवलं होतं. ते लपवलं असतं आणि नोटिशीवरून कळलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

हरकत आली तर फेरफार तक्रारीच्या नोंदवहीत जातो आणि सुनावणी लागते. पण मृत्युपत्र खरं की खोटं, याचा शेवटचा निकाल महसूल अधिकारी देऊ शकत नाहीत. तो दिवाणी न्यायालयाचाच. आणि हेही लक्षात असू द्या की सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. भांडण होणार हे आधीच दिसत असेल, तर विदर्भातही प्रोबेट किंवा प्रशासनपत्र मागता येतं आणि अशा घरात मी ते मागाच म्हणेन.

घराचं काम ग्रामपंचायतीत झालं. नमुना 8 वर मायचं नाव लागलं.

राहिली एफडी. एका सहकारी बँकेत तीन पावत्या, मिळून 6 लाख 80 हजार, नॉमिनी कुणीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांप्रमाणे वाद नसेल तर नॉमिनी नसतानाही सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंत बँकेने सक्सेशन मागायचं नाही. आमची रक्कम त्याच्या वर होती. मृत्युपत्रात हा पैसा नव्हता, म्हणून तो माय, मी, भाऊ आणि ताई असा चौघांचा, सारख्या वाट्याने. ताई लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही.

अर्ज बाबा शेवटी जिथे राहत होते तिथल्या हद्दीच्या न्यायालयात करायचा. आम्ही तिघांनी मायच्या नावाने प्रमाणपत्र द्यायला ना-हरकत दिली. नोटीस, वर्तमानपत्रातली जाहिरात, एक जबाब, असं करत साडेपाच महिने गेले. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात लागते, तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा.

प्रमाणपत्र घेऊन मायला बँकेत नेलं तेव्हा खिडकीवरच्या साहेबांनी एक पावती परत सरकवली. दरम्यान तिची मुदत संपून ती आपोआप नवी झाली होती आणि नंबर बदलला होता. प्रमाणपत्रात जुना नंबर. बँक ज्या ठेवीचं वर्णन प्रमाणपत्रात आहे तीच देते. मायला उन्हात परत घरी आणलं आणि आम्ही दुरुस्तीचा अर्ज टाकला. त्यात आणखी पाच आठवडे गेले. तुम्ही अर्ज करण्याआधी बँकेकडून सगळ्या ठेवींचं, खात्यासह, शिक्क्याचं पत्र घ्या. त्यात प्रत्येक पावतीची मुदत कधी संपते तेही लिहून मागा. अर्जात पावती नंबरासोबत खाते क्रमांक आणि "नूतनीकरण झाल्यास त्या ठेवीसह" हे शब्द वकिलांकडून घालून घ्या. एखादी ठेव सुटलीच, तर नवा अर्ज न करता त्याच प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून मागता येते. कलम 376 त्यासाठीच आहे.