तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या शेजाऱ्यांना चिठ्ठी

नाशिक, इंदिरानगर. जूनचा दुसरा आठवडा, रात्री.

तिसऱ्या मजल्यावर आज जळगावहून एक कुटुंब राहायला आले. पती-पत्नी, यंदा पाचवीत जाणारा मुलगा आणि अहिराणीत बोलणाऱ्या आजी. सामानाचा टेम्पो दुपारी उशिरा आला आणि दिवेलागण झाली तरी खोकी जिन्यातच होती, त्यामुळे त्यांचे स्वयंपाकघर आज लागणार नाही हे दिसतच होते. कांदा-लसूण चालतो का, एवढे विचारून घेऊन मी मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेले पापड पाठवले आणि डब्यासोबत एक चिठ्ठी दिली.

चिठ्ठी लिहिण्यामागे माझा एक विचार होता. पहिल्या दिवशी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आपुलकीने काही ना काही सांगतो, परंतु हातात खोके धरून उभ्या असलेल्या माणसाच्या त्यातले काहीही लक्षात राहत नाही. शिवाय कोणी बोलायला आले की दमलेल्या घराला ‘या, बसा’ म्हणावेच लागते. कागद मात्र फ्रिजवर लावून सवडीने वाचता येतो.

सुरुवात मी मुद्दाम आजींपासून केली: ‘आदरणीय आजी, ताई, दादा आणि आमच्या इमारतीतील नवे बालमित्र, तुम्हा सर्वांचे मनापासून स्वागत. तुम्ही आल्याने आम्हाला फार आनंद झाला आहे.’ त्यानंतर लगेच पाण्याविषयी लिहिले, कारण येथे नव्या माणसाची पहिली अडचण तीच होते. आमच्याकडे महापालिकेचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत साठते आणि मोटरने गच्चीवर चढते. बोअरच्या पाण्याची टाकी निराळी आहे. स्वयंपाकघरातील सिंकवर दोन नळ शेजारी शेजारी आहेत आणि दिसायला ते अगदी सारखे आहेत. म्हणून मी लिहिले, ‘खिडकीकडचा नळ पिण्याच्या पाण्याचा आहे. शंका आली तर पातेलीभर पाणी उकळून पाहावे. बोअरचे पाणी जड असल्याने तळाशी पांढरा थर धरतो, त्यात साबणाला फेस कमी येतो आणि डाळ शिजायला वेळ लागतो.’ या सदनिकेत पूर्वी राहणाऱ्या ताई कितीतरी दिवस डाळीलाच दोष देत होत्या, हे मला चांगले आठवते.

घंटागाडीविषयी दोनच ओळी पुरल्या: ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा लागतो, आणि सकाळी घाई असेल तर डबे आमच्या दाराशी ठेवावेत, आम्ही देऊ.

आजींना रामकुंडावर आणि काळारामाच्या दर्शनाला जायची ओढ आहे, हे त्यांनी लिफ्टची वाट पाहतानाच सांगितले होते. त्यांच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहिला: ‘दर्शनाला अवश्य चलावे, मी सोबत येईन. मात्र पावसाचा जोर वाढल्यावर गंगापूर धरणातून पाणी सोडतात आणि गोदावरी घाटावर चढते. अशा दिवशी निघण्यापूर्वी विसर्गाची बातमी पाहावी आणि गाडी घाटाजवळ लावू नये. पाणी किती चढले हे नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून ओळखतात. कोणी “मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आले” म्हणाले, तर काळारामाचे दर्शनही आपण पुढे ढकलू.’ नदीकाठच्या शहरात नव्याने आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला पाऊस वाढण्याआधीच हे ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

पार्किंगचे नियम, देखभाल खर्चाची तारीख, भिंतीला ड्रिल करण्याच्या वेळा हे सारे मी चिठ्ठीबाहेर ठेवले. ती माहिती सचिव देतीलच, आणि स्वागताच्या कागदावर नियम आले की तो नोटीस वाटू लागतो. घर स्वतःचे की भाड्याचे, मूळ गाव कोणते, असे काही विचारलेही नाही. ओळख वाढेल तसे ते आपोआप कळते. आमचा घर क्रमांक आणि दूरध्वनी लिहिला आणि पुढे नेमके लिहिले की रात्री-अपरात्री आजींना बरे वाटले नाही तर संकोच न करता बेल वाजवावी, आमच्याकडे गाडी आहे. ‘काही लागले तर सांगा’ असे सगळेच म्हणतात, परंतु काय मागता येईल हे ठाऊक नसल्याने नवे लोक सहसा काहीच मागत नाहीत.

डब्याचाही विचार करावा लागला. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली जुनी रीत आहे. अजून गूळ-साखरही सापडली नसेल अशा घरावर तिचा भार पडू नये, म्हणून शेवटी लिहिले, ‘डबा आमच्याकडे जास्तीचा आहे, घर लागेपर्यंत तो तुमच्याकडेच राहू द्या.’

तासाभराने मुलगा वर आला आणि त्याने आजीचा निरोप सांगितला: खिचडी आवडली, आणि उद्या सकाळी नव्या शेगडीवर दूध उतू घालवायचे आहे, तेव्हा काकूंनी यावे. मी होकार कळवला आहे. उद्या जाईन तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या नळाला लाल दोरा बांधून येईन, म्हणजे आजींना चिठ्ठी शोधावी लागणार नाही.