पाठमोरा माणूस आणि कॅमेऱ्याची साक्ष

डिचोली तालुक्यातल्या एका काजू कारखान्याच्या गोदामातून भर पावसाळ्यात काजूगरांचे डबे नाहीसे झाले, आणि मालकांनी माझ्यासमोर कॅमेऱ्यातून काढलेले चार छापील फोटो ठेवले. प्रत्येकात एक पाठमोरा माणूस होता. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, अंगात फिकट शर्ट, उजव्या हातात एकावर एक बांधलेले दोन डबे आणि डावीकडे झुकलेली चाल. काही महिन्यांपूर्वी काम सोडून गेलेला एक कामगार डाव्या पायाने लंगडतो आणि फिकट पिवळा शर्ट घालतो, एवढ्यावरून सगळ्यांनी त्याचे नाव घेतले होते. तक्रारीत ते नाव घालण्याआधी वकिलांनी लेखी मत घ्यायला सुचवले म्हणून मला बोलावणे आले. छायाचित्रणाचा धंदा मागे ठेवून मी आता अशी चित्रे तपासून मत देण्याचे काम करतो.

मुकादम अगदी ठाम होते. "साहेब, इतकी वर्षं बरोबर काम केलंय, पाठ बघून सांगतो, तोच." त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नव्हती, शंका होती ती फोटोंत खरोखर किती माहिती शिल्लक आहे याविषयी. म्हणून छापील फोटो बाजूला ठेवून मी रेकॉर्डरमधले मूळ चित्रीकरण मागितले, कारण चार फोटो निवडणाऱ्याच्या मनात आधीच एक नाव असेल, तर त्या नावाला जुळणारे क्षणच त्याच्या हाताला लागतात.

पहिला प्रश्न शर्टाचा होता. चित्रीकरण रात्रीचे आणि कृष्णधवल होते. अंधार पडला की असे कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाश अडवणारी काच भिंगामागून बाजूला सरकवतात आणि स्वतःच्याच इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात चित्र घेतात. आपल्या डोळ्यांना काळा किंवा गडद निळा दिसणारा कपड्याचा रंग हा उजेड शोषेलच असे नाही. कित्येक रंगद्रव्ये तो परावर्तित करतात आणि कापड चित्रात पांढुरके उमटते. त्या रात्री कारखान्यातच मी वेगवेगळे कपडे घातलेल्या कामगारांना त्याच कॅमेऱ्यासमोरून नेले. एकाची काळी ट्रॅकपँट जवळजवळ पांढरी दिसली आणि मुकादमांचा स्वतःचा गडद निळा शर्ट फिकट पिवळ्या शर्टाशेजारी ठेवला, तर कोणता कोणता ते पडद्यावर सांगता येईना. सगळ्याच गडद कपड्यांचे असे होत नाही, काही काळेच राहतात. पण चित्रातल्या फिकटपणावरून खरा रंग सांगणे अशक्य आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले. शर्टावर चौकटी असत्या तरी या अंतरावरून चित्र दाबून साठवताना त्या पुसल्या गेल्या असत्या.

चालीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होता, आणि मालकांचा सगळा भर त्याच्यावरच होता. मुळात एका स्थिर फोटोत चाल नसतेच. असतो तो चालण्याच्या ओघातला एक थांबवलेला क्षण, आणि निरोगी माणसाचाही असा एखादा क्षण लंगडल्यासारखा दिसू शकतो. चित्रीकरणात तरी चाल दिसेल म्हणावे, तर साठवणुकीची जागा वाचावी म्हणून कुणीतरी रेकॉर्डर सेकंदाला फक्त सहा चित्रांवर लावून ठेवला होता. एका पावलाला ०.५५ सेकंद लागतात असे धरले, तर त्यात ३.३ चित्रे बसतात. म्हणजे प्रत्यक्षात एखादे पाऊल तीन चित्रांत संपते आणि एखादे चारांत. पावले अगदी सारखी पडत असली तरी पडद्यावर एक पाऊल दुसऱ्यापेक्षा तृतीयांशाने लांबलेले दिसते. माणूस चौकटीत जेमतेम चार-पाच पावले होता, त्यामुळे सरासरी काढून हा दोष घालवण्याची सोय नव्हती.

शिवाय अंगण चिऱ्याचे, गटाराकडे उतरते आणि शेवाळलेले. पावसात तिथे कुणीही पाय जपूनच टाकतो. दहा-दहा किलोंचे दोन डबे एका हातात घेतले की तोल सांभाळायला धड दुसऱ्या बाजूला जाते, आणि उजव्या हातात ओझे असताना डावीकडे झुकलेला माणूस पाहून डावा पाय अधू आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. हेही आम्ही करून पाहिले: दोन्ही पाय धड असलेल्या एका तरुण कामगाराला खोळ घालून, तेवढेच वजन घेऊन त्याच वाटेने नेले. दुसऱ्या दिवशी इतरांच्या चित्रांबरोबर त्याचे चित्रीकरण मी मुकादमांना दाखवले, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवून पुन्हा त्याच जुन्या कामगाराचे नाव घेतले. तो जुना कामगार तर आमच्या चाचणीच्या रात्री कारखान्यात आलाही नव्हता. मुकादम बराच वेळ पडदा बघत राहिले, मग एवढेच म्हणाले, "म्हणजे मी ओझं ओळखलं."

ओळखीच्या माणसाला आपण चालीवरून ओळखतो ही समजूत अगदीच निराधार नाही, पण ती फार ताणली जाते. १९७७ साली अमेरिकेत कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी सहा मित्रांच्या सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके दिसतील असे चित्रीकरण केले आणि फक्त त्या हलत्या ठिपक्यांवरून एकमेकांना ओळखायला सांगितले. सुमारे ३८ टक्के उत्तरे बरोबर आली. नुसत्या अंदाजाने १७ टक्क्यांच्या आसपास आली असती. म्हणजे चालीत काहीतरी असते, तरीही मित्रांनी निम्म्याहून जास्त वेळा चूकच केली. १९९९ मध्ये ग्लासगोच्या बर्टन व सहकाऱ्यांनी निकृष्ट कॅमेरा-चित्रांत विद्यार्थ्यांना त्यांच्याच विभागातले प्राध्यापक दाखवले. शरीर झाकले किंवा चाल कळू दिली नाही तरी ओळख फारशी बिघडली नाही, पण डोके झाकल्यावर ती कोसळली. आपण चालीवरून ओळखले असे माणसाला वाटते तेव्हा बहुतेकदा त्याने चेहराच ओळखलेला असतो, असे मला यावरून वाटते. आमच्या चित्रात खोळीमुळे नेमका तोच नव्हता.

मालकांनी विचारले, "मग तो नव्हता असं लिहून द्या." तेही मी लिहिले नाही. चित्रातल्या माणसाला एक हात नसता, किंवा उघड्या पोटरीवर मोठा गोंदण-नमुना स्पष्ट दिसला असता आणि जुन्या कामगाराच्या पायावर तो नसता, तर त्याला वगळता आले असते. इथे वगळायलाही काही नव्हते. कपड्याच्या बाबतीतली अडचण याहून जुनी आहे: १९९६ च्या स्पोकेन शहरातल्या बँक दरोड्यात जीन्सच्या शिवणीवर पडलेल्या फिक्या-गडद पट्ट्यांवरून अमेरिकन तपासयंत्रणेने पँट जुळवली होती, पण २०२० मध्ये नाइटिंगेल आणि फरीद यांनी तपासले, तेव्हा एकाच शिवणीच्या दोन फोटोंतही इतका फरक पडतो की जुळणीवर फारसा विसंबता येत नाही, असे दिसून आले. ती शिवण तरी जवळून स्पष्ट टिपलेली असावी लागते. आमच्याकडे पाठीचा एक पांढुरका डाग होता.

मतात मी लिहिले की चित्रातली व्यक्ती कोण हे या चित्रीकरणावरून ठरवता येत नाही, आणि पोशाख व चाल यांतले साम्य कारखान्यातल्या इतर अनेकांशी तितकेच आहे. मालक नाराज झाले, पण वकिलांनी तक्रार 'अज्ञात इसमाविरुद्ध' दिली आणि मूळ चित्रीकरणाची प्रत, पुढे तिच्यात बदल झाला तर कळावा म्हणून हॅश हा तिचा अंकीय ठसा काढून, जपून ठेवली. गोदामाच्या दाराशी, आत येणाऱ्याचा चेहरा समोरून दिसेल अशा उंचीवर एक कॅमेरा आणि त्याच्या वर रात्रभर जळणारा साधा दिवा, एवढे दोन बदल मी सुचवले. रेकॉर्डरची गतीही मुकादमांनी त्याच संध्याकाळी सेकंदाला पंधरा चित्रांवर लावली.