सायकलीचा कर आणि टेबलाची माफी : सामान जर्मनीला नेताना

जर्मनीत राहायला जायचं नक्की झालं तेव्हा सामानाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की "घरगुती सामानाला कस्टम लागत नाही". हे वाक्य मला चार जणांनी ऐकवलं होतं आणि चौघांनीही अर्धंच सांगितलं होतं. कर माफ होतो हे खरं, पण माफी तुमच्या राहण्याच्या बदलाला असते. तुम्ही इतके दिवस बाहेर राहत होतात, आता इथे राहायला आलात आणि वापरातल्या वस्तू सोबत आणल्यात, एवढं सगळं कागदावर उभं करावं लागतं. जी वस्तू या गोष्टीत बसत नाही तिला कर लागतो.

नियम युरोपियन युनियनचा आहे, 2009 सालचा, क्रमांक 1186. जर्मन कस्टमवाले अशा सामानाला 'युबरझीडलुंग्सगूट' म्हणतात. शब्द तोंडात बसेपर्यंत आमचं सामान सुटलंसुद्धा. अटी मोजक्या आहेत. युनियनच्या बाहेर सलग किमान 12 महिने राहिलेलं असावं. वस्तू तुमच्या ताब्यात आणि वापरात किमान 6 महिने असाव्यात. नवीन ठिकाणी राहायला लागल्यापासून 12 महिन्यांच्या आत सामान आणावं, आणि इथेही त्या वस्तू त्याच कामासाठी वापराव्यात. दारू आणि तंबाखूला माफी नाही, विकायच्या मालाला तर नाहीच.

मी अडखळलो ते त्या 6 महिन्यांवर. माझी समजूत अशी की सामान बंदरात पोचेल त्या दिवसापासून मागे मोजायचं. म्हणजे नोव्हेंबरात घेतलेली सायकल एप्रिलमध्ये पोचेपर्यंत जवळजवळ 6 महिन्यांची होणार, थोडं इकडेतिकडे कोण बघतं! पण मोजणी होते ती जुन्या ठिकाणचं राहणं संपतं त्या दिवसापासून मागे. मी 1 मार्चला निघालो, म्हणजे वस्तू 1 सप्टेंबरच्या आधीची हवी. जहाजातला वेळ वापरात धरत नाहीत. तसं ते बरोबरच आहे, खोक्यात बंद सायकल कोण चालवतं?

हे कळलं तेव्हा सायकल खोक्यात गेलेली होती. यादीत 'जुनी सायकल' लिहून टाका असा सल्ला लगेच मिळाला. मी तसं केलं नाही. सचोटीपेक्षा भीती जास्त होती, कारण सायकलीच्या सांगाड्यावर क्रमांक असतो, बिलावर तारीख असते, आणि एका वस्तूबद्दल खोटं सापडलं की उरलेल्या यादीवर कोण विश्वास ठेवणार? मी सायकल यादीतून काढून वेगळ्या कागदावर, बिलासकट करपात्र म्हणून दाखवली.

हिशोब असा झाला. सायकलीची किंमत 300 युरो, भाड्यातला तिचा वाटा 40, म्हणजे कस्टमच्या दृष्टीने मूल्य 340. सायकलींवर आयात शुल्क 14 टक्के, ते झालं 47.60. मग 340 आणि 47.60 मिळून 387.60 वर 19 टक्के व्हॅट, म्हणजे 73.64. एकूण 121 युरो 24 सेंट. व्हॅट शुल्कावरही लागतो हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, ते मूळ किमतीच्या 19 टक्के धरून चालतात. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने : एवढ्या पैशात इथे वापरलेली बरी सायकल आली असती.

आता यादीबद्दल. पॅकिंगवाल्यांनी प्रत्येक खोक्यावर क्रमांक टाकून स्वतःची यादी केली होती. तीत 'कपडे', 'स्वयंपाकघर', 'किरकोळ' असे शब्द. त्यांच्या कामाला तेवढं पुरतं, कस्टमला पुरत नाही. मी रात्री बसून दुसरी यादी केली. खोक्याचा क्रमांक, वस्तू, नग, अंदाजे किती वर्षं वापरात, आणि आजची किंमत. ही किंमत म्हणजे ती वस्तू आज विकली तर किती येतील ती, नवी घ्यायला किती लागतील ती नव्हे. माफीच्या सामानालाही किंमत लिहावी लागते, शून्य लिहून चालत नाही. एकंदर 43 खोकी भरली. 'किरकोळ' शब्द एकाही ओळीत राहू दिला नाही. त्यासाठी बांधलेलं एक खोकं पुन्हा फोडलं आणि त्यात निघालं काय? पंख्याचा रेग्युलेटर, पडद्याच्या कड्या आणि एक कुलूप, ज्याची किल्ली आजही सापडलेली नाही.

तरीही चूक राहिलीच. 19 नंबरच्या खोक्यात माझ्या यादीप्रमाणे 'चादरी, 9 नग, वापरातल्या'. तपासणीत नेमकं तेच खोकं उघडलं गेलं. सामान सोडवणारा एजंट तिथे हजर होता, त्याने मला फोटो पाठवले. वरच्या सहा चादरी धुऊन विरलेल्या, खाली तीन प्लास्टिकच्या पिशवीत बंद, किमतीची चिठ्ठी तशीच. निघताना कुणीतरी भेट दिलेल्या, आणि आईने जागा दिसली म्हणून त्यात सारलेल्या. यादी करताना मी वरूनच बघितलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, या वापरातल्या कशा? मी लेखी कळवलं की भेट आहेत, वापरलेल्या नाहीत, माफीतून वगळा. तिन्हींवर कर बसला, रक्कम किरकोळ होती. पण त्यानंतर आणखी दोन खोकी उघडली गेली आणि दोन दिवस गेले. घरात माणसं मदतीला असतील तर खोकं बंद होईपर्यंत शेजारीच बसा, एवढंच सांगेन.

खरा खर्च झाला तो कराचा नाही, गोदामाचा. माफीच्या अर्जासोबत इथे राहायला आल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि जर्मनीत तो म्हणजे नगरपालिकेत पत्ता नोंदवल्याचा दाखला, 'आनमेल्डुंग'. त्या नोंदणीसाठी घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं. मी महिनाभर तात्पुरत्या खोलीत होतो आणि तिचा मालक असं पत्र द्यायला तयार नव्हता. कायमच्या घराची किल्ली मिळाली 1 एप्रिलला. जहाज हॅम्बुर्गला लागलं 4 एप्रिलला. नोंदणीसाठी वेळ मिळाली 16 एप्रिलची. मधले दिवस सामान बंदराजवळच्या गोदामात पडून, पहिले काही दिवस फुकट आणि पुढे रोजचं भाडं. एजंट रोज विचारायचा, दाखला आला का? मी रोज पहाटे उठून नगरपालिकेच्या पानावर कुणी रद्द केलेली वेळ मोकळी झालीय का ते बघायचो. नाही झाली.

यावर नियमात वाट आहे, ती मला उशिरा कळली. राहणं सुरू होण्याआधीही सामान आणता येतं. मात्र 6 महिन्यांच्या आत राहायला येईन असं लिहून द्यावं लागतं आणि कराइतकी हमी ठेवावी लागते. एजंटला विचारलं तर म्हणाला, एवढ्या सामानासाठी ती खटपट करण्यापेक्षा थांबा. थांबलो. आज पुन्हा जायचं झालं तर मी सामान महिनाभर उशिरा जहाजावर चढवेन. 12 महिन्यांची मुदत हातात असताना घाई करायचं कारणच नव्हतं.

बाकीचे कागद सोपे होते. पासपोर्ट, नोकरीचा करार, जहाजाची बिल्टी, सह्या केलेली यादी, आणि बाहेर 12 महिने राहत होतो याचा पुरावा. त्यासाठी जुन्या घराचा भाडेकरार आणि तो संपवल्याचं पत्र चाललं. भाडेकरार संपवल्याचं पत्र मी सहज म्हणून जपलं होतं, पण तेच सगळ्यात कामाचं ठरलं, कारण जुनं राहणं कुठल्या तारखेला संपलं ते त्यातूनच दिसतं. बायको आणि मुलगी शाळेचं वर्ष संपल्यावर येणार होत्या आणि थोडं सामान त्यांच्यासोबत. सामान टप्प्याटप्प्याने आणता येतं, म्हणून पहिल्याच अर्जात दुसऱ्या खेपेची यादीही जोडली. जूनमध्ये ती आठ खोकी प्रश्न न विचारता सुटली.

22 एप्रिलला सामान सुटलं. एजंटने कागदांसोबत एका ओळीवर पिवळी खूण करून पाठवली होती : स्वीकृतीच्या तारखेपासून 12 महिने माफीतलं सामान विकायचं नाही, भाड्याने वा उसनं द्यायचं नाही, गहाण ठेवायचं नाही. द्यायचंच असेल तर आधी कस्टमला कळवायचं, आणि मग त्या दिवशीच्या किमतीवर, त्या दिवशीच्या दराने कर भरायचा. मी मनात म्हटलं, जुनं सामान विकत घेणार कोण?

सप्टेंबरात शेजारच्या घरातले एक जण चहाला आले आणि आमच्या शिसवी टेबलावरून हात फिरवत राहिले. आमच्या इथल्या जेवणघरात ते टेबल मावत नाही, खुर्ची मागे ओढली की भिंतीला लागते. त्यांनी विचारलं, देता का? मी म्हटलं, 22 एप्रिलनंतर. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय. मग सगळं समजावून सांगितलं, तर हसत म्हणाले, मग ती सायकल? सायकलीचा कर भरलेला होता, तिला कसलीच आडकाठी नव्हती. त्याच संध्याकाळी ते ती घेऊन गेले.