एका पानाचा एडीआर आणि तीन आठवडे

एका प्रोग्रॅमचे मेसेज दुसऱ्याने उचलेपर्यंत रांगेत ठेवणारी मेसेज क्यू स्वतः चालवायची की सेवा म्हणून विकत घ्यायची, हे आमच्या चौघांच्या टीमने एका दुपारी ठरवलं. तेच एडीआरमध्ये, म्हणजे तांत्रिक निर्णय नोंदवायच्या कागदात, लिहून मंजूर करून घ्यायला तीन आठवडे लागले. चिडचिड अजून उतरलेली नाही.

कारण साधं होतं. एका रात्री आम्ही स्वतः चालवत असलेल्या रॅबिटएमक्यू या मेसेज ब्रोकरची डिस्क लॉगने भरली. मोकळी जागा `disk_free_limit`च्या खाली गेली आणि ब्रोकरने नियमाप्रमाणे मेसेज पाठवणाऱ्यांना थोपवलं. मेसेज उचलणारे कन्झ्यूमर व्यवस्थित चालू, पण ऑर्डर देणारा प्रत्येक जण फिरतं चक्र बघत बसलेला. चूक आमचीच. ती मर्यादा मुळात ५० एमबीची, आम्ही ती कधी बदलली नाही की त्यावर अलार्म लावला नाही. ब्रोकरकडे लक्ष द्यायला कोणी मोकळं नाही, म्हणून अ‍ॅमेझॉनची तयार क्यू सेवा, एसक्यूएस.

एडीआरचे स्टेटस, कॉन्टेक्स्ट, डिसिजन हे भाग तासाभरात लिहून झाले. गाडी रुतली ती ‘कॉन्सिक्वेन्सेस’मध्ये, म्हणजे निर्णयाच्या परिणामांमध्ये. मी फक्त फायदे लिहिले होते. आर्किटेक्ट मॅडमनी एवढंच विचारून परत पाठवलं, “यात तोटा कुठाय?” मी ‘एकाच कंपनीवर अवलंबून राहू’ असं वाक्य टाकलं. पुन्हा परत. “हे कुठल्याही सेवेबद्दल लिहिता येईल. तुमचं काय मोडेल ते लिहा.” तेव्हा मला हा निव्वळ कागदी छळ वाटला.

शेवटी वैतागून आमचा बिल बनवणारा वर्कर खरोखर एसक्यूएसवर चालवून पाहिला. एका ऑर्डरचे दोन मेल आले! बिल बनायला ४५ सेकंद लागत होते आणि व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहण्याचा वेळ, मूळचा ३० सेकंदांचा. पहिला वर्कर काम करत असतानाच मेसेज पुन्हा दिसू लागला आणि दुसऱ्याने उचलला. आम्ही हे केलं:

```
VisibilityTimeout=300
```

पण एवढ्याने भागत नाही. स्टँडर्ड क्यूमध्ये तोच मेसेज क्वचित दोनदा येऊ शकतोच. म्हणून वर्कर आता आधी ऑर्डर क्रमांक युनिक कॉलमात नोंदवतो. नोंद आधीच असेल आणि बिल गेलेलं असेल, तर मेसेज पुसून पुढे जातो. वर्कर मध्येच मेला तर नोंद अर्धवट राहते, ती वेगळी तपासावी लागते. हे सगळं कॉन्सिक्वेन्सेसमध्ये गेलं, आणि खरं सांगायचं तर पानभर मजकुरात वाचण्याजोगं तेवढंच आहे.

हां, एक राहिलं. मेसेज मुळात चारच दिवस टिकतात, वाढवून १४. स्टँडर्ड क्यूमधून डेड-लेटर क्यूत, म्हणजे वारंवार फसलेले मेसेज बाजूला ठेवायच्या क्यूत, गेलेल्या मेसेजचं वय पहिल्या दिवसापासूनच मोजलं जातं, म्हणून तिथली मुदत मुख्य क्यूपेक्षा जास्त ठेवा. आमची दोन्हीकडे सारखीच होती, ते मॅडमच्याच नजरेत आलं.

चौथ्या खेपेला स्टेटस ‘प्रपोज्ड’चं ‘अॅक्सेप्टेड’ झालं. शेरा एकच होता: “तारीख राहिली.”